बिलातल्या एका ओळीसाठी वेळ मागताना

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रुग्णालयाच्या बिलावर शंका असलेल्या कामगाराला हा दिवस सोयीचा आहे, कारण गुरुवारी रुग्णालयाचा लेखा विभाग चालू असतो. रविवारी गेलो तर खिडकीवर फक्त रोखपाल भेटतो. तो पैसे घेऊ शकतो, पण आकडा कुठून आला हे बहुधा सांगू शकत नाही. बिल वॉर्ड, ऑपरेशन थिएटर, प्रयोगशाळा आणि औषध दुकान यांच्या वेगवेगळ्या नोंदींतून तयार होते आणि त्या सगळ्या उघडून दाखवणे लेखा विभागालाच जमते. म्हणून आधी वेळ मागून जावे, आणि कोणती ओळ पाहायची ते त्या अर्जातच लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

कोविडकाळात बिलावर लक्ष ठेवण्याचे काम सरकारने केले होते. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साध्या वॉर्डसाठी दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागासाठी ९,००० रुपये. बिले तपासायला लेखापरीक्षकही नेमले गेले. आता रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये तो तिसरा माणूस नाही. पण तपशीलवार बिल मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या सनदेत स्पष्ट म्हटले आहे.

एक उदाहरण धरू. चाकणच्या एका कामगाराच्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. कंपनीच्या गटविम्यात तीन लाखांचे संरक्षण, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये. मिळालेली खोली ५,००० रुपयांची, मुक्काम चार दिवस. खोलीच्या २०,००० पैकी ८,००० घरच्यांनी भरायचे, हे समजण्यासारखे आहे. खरी मेख पुढे आहे. मर्यादा प्रत्यक्ष भाड्याच्या ६० टक्के आहे, म्हणून विमा कंपनी ‘शस्त्रक्रिया पॅकेज ६०,०००’ या ओळीतूनही ४० टक्के, म्हणजे २४,००० रुपये कापते.

विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार अशी प्रमाणशीर कपात औषधे, वापरून टाकायचे साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांवर करता येत नाही. पॅकेजच्या एका ओळीत १५,००० रुपयांची औषधे आणि साहित्य दडले असेल, तर कपात उरलेल्या ४५,००० वरच, म्हणजे १८,००० व्हायला हवी. सहा हजारांचा फरक केवळ ओळ फोडून न दाखवल्यामुळे पडतो. आणि त्या रुग्णालयात खोली कोणतीही असली तरी शस्त्रक्रियेचा दर एकच असेल, तर ही कपात मुळातच लागू होत नाही. हे विमा कंपनीला घरबसल्या कळत नाही. रुग्णालयाच्या दरपत्रकावरून लेखा विभागच लेखी सांगू शकतो.

तेव्हा अर्ज असा असावा:

‘मा. लेखा विभाग प्रमुख, माझ्या आई आपल्या रुग्णालयात दाखल होत्या. आंतररुग्ण क्रमांक, बिल क्रमांक, दाखल व डिस्चार्जची तारीख-वेळ, खोलीचा प्रकार आणि विमा दावा क्रमांक खाली दिले आहेत. “शस्त्रक्रिया पॅकेज ६०,०००” या ओळीची फोड, औषधांची परतावा नोंद आणि खोलीनुसार शस्त्रक्रियेचे दर बदलतात का, हे समजून घ्यायचे आहे. येत्या गुरुवारी सकाळी ११ वाजता, किंवा मी पहिल्या पाळीत असल्याने इतर दिवशी सायंकाळी साडेचारनंतर, वेळ द्यावी. विमा विभागातील व औषध दुकानातील नोंदी पाहणारी व्यक्ती उपस्थित असल्यास बरे होईल.’

अर्जात दाखल झाल्याची वेळ लिहिण्याला कारण आहे. काही ठिकाणी दिवस चोवीस तासांचा धरतात, काही ठिकाणी ठरलेल्या तासाला नवा दिवस सुरू होतो. रात्री अकराला आलेल्या रुग्णाच्या बिलात त्यामुळे एक दिवस वाढू शकतो. परताव्याचेही तसेच. वॉर्डमधून परत गेलेली इंजेक्शने औषध दुकानाने वजा केली का, हे डिस्चार्जच्या घाईत तपासले जात नाही. सोबत औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि विमा कंपनीचे कपातीचे पत्र न्यावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

लेखा विभागाकडे काय मागायचे नाही, हेही ठरवून जावे. डॉक्टरांनी अमुक तपासणी का सांगितली, याचे उत्तर त्या टेबलावर नाही. ‘काहीतरी कमी करा’ म्हटले की बोलणे सवलतीवर जाते आणि ओळ तशीच बंद राहते. मिळवायचे ते सही-शिक्क्याचे फोड केलेले बिल आणि दरांबाबतचे पत्र. ते जोडून विमा कंपनीकडे फेरविचार मागावा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तिथेही हीच दोन कागदपत्रे पुढे ठेवायची असतात.