अट कुठे गेली?

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीच्या एका अभ्यासिकेत माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. संविधान दिनाच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "दादा, बाबासाहेबांच्या शेवटच्या भाषणाचा थ्रेड करून दे ना. पाच-सहा पोस्ट. लोक लांब वाचत नाहीत."

हे भाषण म्हणजे 25 नोव्हेंबर 1949 चं संविधान सभेतलं समारोपाचं भाषण. इंग्रजीत झालेलं, सभेच्या वृत्तांतात शब्दशः छापलेलं, हजारो शब्दांचं. एक्सवर साध्या खात्याच्या एका पोस्टला 280 अक्षरांची मर्यादा, आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वारसुद्धा वेगळे मोजले जातात. 'संविधान' हा चार अक्षरी शब्द सात जागा खातो. म्हणजे एका पोस्टमध्ये मराठीचे जेमतेम चाळीस शब्द. काहीतरी गाळावं लागणारच. काय गाळलं तर मी खोटा ठरतो, हे ठरवण्यात माझी एक संध्याकाळ गेली.

आधी मी इतरांचे थ्रेड पाहिले. बहुतेकांत एक वाक्य होतंच: राज्यघटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरते, आणि ती वाईट असली तरी राबवणारे चांगले असतील तर चांगली ठरते. ऐकायला समतोल. मूळ इंग्रजी पाहिलं आणि थबकलो. पहिल्या अर्ध्यात बाबासाहेब म्हणतात की ती वाईट ठरणार हे 'नक्की'. दुसऱ्या अर्ध्यात म्हणतात की ती चांगली ठरू 'शकते'. वाईट माणसं चांगली घटना हमखास बिघडवतात. चांगली माणसं वाईट घटना कदाचित सावरतात. हा तिरपेपणा म्हणजेच तर त्यांचं म्हणणं. 'शकते' हा एक शब्द वाचवायला म्हणून तो काढला की इशाऱ्याचं सुभाषित होतं. शिवाय हे वाक्य येतं कुठे? आपण घटनेच्या गुणदोषांत का शिरत नाही, याचं कारण सांगताना.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. सत्याग्रह, असहकार, सविनय कायदेभंग या मार्गांना त्यांनी अराजकाचं व्याकरण म्हटलं, हे खरं. पण त्याच परिच्छेदात, त्याच्या आधी, एक अट आहे: सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी घटनात्मक मार्गच उरले नव्हते, तेव्हा या मार्गांना बरंचसं समर्थन होतं, आता ते मार्ग खुले असताना नाही. आंदोलन न आवडणारे अट गाळून अराजक ठेवतात. आंदोलन आवडणारे तो सगळा परिच्छेदच गाळतात. मला दुसरा मोह झाला, हे कबूल करतो. माझ्या मतांना तो परिच्छेद गैरसोयीचा होता.

मी आधी अट एका पोस्टमध्ये आणि निष्कर्ष पुढच्या पोस्टमध्ये ठेवला. मग लक्षात आलं, थ्रेड कुणी अख्खा पुढे पाठवत नाही. एकाच तुकड्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतो. अट वेगळ्या पोस्टमध्ये गेली तर ती गाळल्यासारखीच. मग दोन्ही एकत्र बसवलं:

"घटनात्मक मार्ग उरले नव्हते तेव्हा घटनाबाह्य मार्गांना बरंच समर्थन होतं. ते खुले असताना सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह समर्थनीय नाहीत, ते अराजकाचं व्याकरण: डॉ. आंबेडकर (भाषणाचा सारांश, शब्दशः नाही)"

कंसातला मजकूर जागा खातो, पण अवतरणचिन्हांत टाकलेला सारांश उद्या त्यांचे शब्द म्हणून फिरेल.

तिसरी गोष्ट छोटी. कुठल्याही थोर माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका, हा इशारा ते जॉन स्टुअर्ट मिलच्या नावाने देतात. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे सांगताना आयरिश नेते डॅनियल ओ'कॉनेल यांचा हवाला देतात. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे मात्र त्यांचं स्वतःचं. थ्रेडमध्ये तिन्ही त्यांच्याच नावावर खपतात. मी 'मिलचा दाखला देत' एवढे तीन शब्द घातले.

भावाने थ्रेड वाचला आणि म्हणाला, "दादा, हे थोडं मिळमिळीत वाटतं. लाइक येणार नाहीत." त्याचं चुकलं नव्हतं. 'कदाचित', 'तेव्हा', 'असताना' हे शब्द अंगठा थांबवत नाहीत. मी त्याला एवढंच विचारलं की परीक्षेत त्या परिच्छेदावर प्रश्न आला तर तू कुठला थ्रेड वाचून उत्तर देशील.

एक पोस्ट उरली होती. भाषणाच्या सुरुवातीला बाबासाहेब म्हणतात की मला दिलं जाणारं श्रेय खरं तर माझं एकट्याचं नाही, आणि घटनात्मक सल्लागार बी. एन. राव व मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांची नावं घेतात. मी पाहिलेल्या एकाही थ्रेडमध्ये हे नव्हतं. भाऊ म्हणाला, ही पोस्ट शेवटी टाकू. मी ती पहिली टाकली, कारण भाषणातही ती आधीच येते.