रिपोर्टमध्ये न सापडणारी आग

योनिमुखाशी महिनोन्‌महिने आग होत राहते. फोड नाही, जखम नाही, अंगावरून काही जात नाही. लघवीची तपासणी नॉर्मल, स्वॅब नॉर्मल, पॅप टेस्ट नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. शेवटी डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ या दुखण्याला व्हल्वोडायनिया असे नाव आहे. योनिमुखाचे दुखणे किमान तीन महिने टिकले आणि संसर्ग, त्वचारोग किंवा तत्सम स्पष्ट कारण सापडले नाही, तर ते व्हल्वोडायनिया, अशी व्याख्या २०१५ साली या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्र येऊन पक्की केली. हा आजार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनिमुखाच्या अशा अतिसंवेदनशीलतेची नोंद केली होती. तरीही आज बाईच्या हातात पडते ती नॉर्मल रिपोर्टांची फाइलच.

प्रत्येक तपासणी एकच ठरावीक प्रश्न विचारते. लघवीचे कल्चर विचारते, मूत्रमार्गात जंतू आहेत का? स्वॅब विचारतो, बुरशी किंवा इतर संसर्ग आहे का? पॅप टेस्ट गर्भाशयमुखाच्या पेशी बघते आणि सोनोग्राफी गर्भाशय व बीजकोशांची रचना. ‘इथल्या नसा साध्या स्पर्शालाही वेदना समजून मेंदूकडे पाठवत आहेत का?’ हा प्रश्न यांतली एकही तपासणी विचारत नाही, त्यामुळे त्याचे उत्तरही कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की शोधलेली गोष्ट सापडली नाही. दुखणे नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

या आजारात दुखरी जागा बहुतेकदा अगदी छोटी असते. आतल्या भगोष्ठांच्या मधे, योनिमार्ग सुरू होण्याच्या आधी, एक नाजूक पट्टा असतो. त्याला वेस्टिब्यूल म्हणतात. अशा काही स्त्रियांच्या वेस्टिब्यूलमधून काढलेल्या तुकड्यांत वेदना वाहून नेणाऱ्या नसांची सूक्ष्म टोके नेहमीपेक्षा जास्त आढळली आहेत, हे १९९०च्या दशकाच्या अखेरच्या संशोधनातून पुढे आले. नेहमीच्या बायोप्सीत मात्र ती दिसत नाहीत. त्यासाठी नसांचे प्रथिन रंगवणारी वेगळी पद्धत लागते. म्हणून बायोप्सी केली तरी ‘किरकोळ दाह’ एवढाच शेरा येऊ शकतो, आणि तसा दाह निरोगी बाईतही सापडतो. तपासताना आणखी एक गोष्ट घडते. स्पेक्युलम ही जागा ओलांडून थेट आत जातो. डॉक्टर गर्भाशयमुख नीट बघतात आणि दुखरी जागा मागे राहून जाते.

मग निदान कसे करायचे? उदाहरणादाखल तिशीतली एक नोकरदार स्त्री घेऊ. ती दुचाकीवरून ऑफिसला जाते. बसून काम करताना आणि घट्ट कपडे घातल्यावर आग वाढते, संबंधांच्या वेळी तर मिरची लागल्यासारखे होते. खाज नाही, वास नाही. डॉक्टर आधी भिंगातून नीट बघतात: पांढरे, पातळ झालेले चट्टे नाहीत ना (तसे असल्यास लायकेन स्क्लेरोसस), नागिणीसारख्या पुळ्या किंवा व्रण नाहीत ना. मग ओल्या कापसाच्या बोळ्याची काडी घेऊन, आरसा तिच्या हातात देऊन म्हणतात, ‘ताई, मी जिथे टेकवते तिथे दहापैकी किती दुखतंय, ते सांगा.’ मांडीवर शून्य. बाहेरच्या ओठांवर शून्य. दोन ओठांमधल्या खाचेत एक. वेस्टिब्यूलवर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे क्रमाने: बारा वाजताच्या जागी दोन, पाच वाजता आठ, सहा वाजता आठ, सात वाजता सात. इतक्या सहज स्पर्शालाही टोचल्यासारखे दुखते, हाच या आजाराचा पुरावा. नंतर एका बोटाने आतल्या बाजूच्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर हलका दाब दिला, तर ते आवळलेले आणि दुखरे. दुखणे फक्त खालच्या अर्ध्या भागात असेल, तर स्नायूंच्या ताणाचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते. पूर्ण वर्तुळात असेल, तर नसा किंवा हॉर्मोन यांच्याकडे लक्ष जाते. स्तनपान, रजोनिवृत्ती आणि काही स्त्रियांत गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे ही त्वचा हॉर्मोनअभावी नाजूक होते. शेवटी लिडोकेनचे मलम लावून काही मिनिटांनी पुन्हा बोळा टेकवला आणि आठचे दोन झाले, तर वेदनेचा उगम त्याच त्वचेत आहे हे कळते. बधिर करूनही फरक पडला नाही, तर उगम खोल शोधावा लागतो.

या तपासणीला मशीन लागत नाही, फक्त काडी आणि थोडा वेळ लागतो. तरीही ती टळते, आणि तिच्या जागी येते ट्यूब. बाई मेडिकलवरून बुरशीची ट्यूब आणते, काही आठवड्यांनी आग परत, पुन्हा ट्यूब. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. ती वारंवार लावली की त्वचा पातळ होते, त्यातून आग वाढते आणि मूळ दुखणे आणखी झाकले जाते. खरे तर बुरशीची मुख्य खूण खाज आहे आणि कल्चर वारंवार निगेटिव्ह येत असेल तर ती दिशा सोडायला हवी. उलट, एखाद्या वेळी बुरशी सापडली म्हणून तीच कारण ठरत नाही. काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांतही ती असू शकते.

‘मनाचे आहे’ हे उत्तर सर्वांत सोयीचे आणि सर्वांत घातक. दीर्घकाळ वेदना असलेल्या माणसाच्या मज्जारज्जूतील आणि मेंदूतील वेदनेचे मार्ग अधिक तत्पर होतात, चिंता त्यात भर घालते, हे खरे. पण चिंता वेदनेला वाढवते याचा अर्थ वेदना कल्पित आहे असा नाही. पाच वाजताच्या जागी आठ आणि बारा वाजताच्या जागी दोन असा फरक केवळ कल्पनेतून येत नाही.

उपचाराबाबत प्रामाणिक राहिले पाहिजे. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही. नसांच्या वेदनेसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅबापेन्टिनची नियंत्रित चाचणी घेतली, तेव्हा ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. मात्र कॅनडात दोनशेहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची दहा आठवड्यांची फिजिओथेरपी ही रात्रभर लावायच्या लिडोकेनपेक्षा अधिक परिणामकारक दिसली. सुगंधी साबण, वॉश, रोजचे पॅन्टी लायनर बंद करणे, हॉर्मोनची उणीव असेल तर ती भरणे, वेदनेची समज असलेल्या समुपदेशकाची मदत, आणि हे सर्व करूनही उरलेल्या निवडक स्त्रियांत दुखरा पट्टा काढण्याची शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. सुधारणा आठवड्यांत नव्हे, महिन्यांत मोजावी लागते.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. व्हल्वोडायनिया हे सगळे संपल्यावर उरणारे निदान मानू नये. ते बोळ्याच्या तपासणीने पुढे होऊन करावे. केसपेपरवर ‘एनएडी’, म्हणजे ‘काही आढळले नाही’, असे लिहिण्याऐवजी कुठल्या जागी दहापैकी किती दुखले, हे लिहावे. आणि पुढच्या भेटीत बाईने विचारावे: ‘डॉक्टर, बाहेरच्या भागाची स्पर्शाची तपासणी केली का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर तिच्या दुखण्याची तपासणी अजून झालेलीच नाही.