प्यादं पुढे येईपर्यंत

तो डाव मी शिरूरला हरले. मी तेव्हा आठवीत होते. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत शेवटच्या फेरीत पटावर फार काही उरलं नव्हतं. पांढऱ्याकडे राजा, एक हत्ती आणि एक प्यादं होतं, माझ्याकडे राजा आणि हत्ती. बरोबरी झाली असती तरी माझा नंबर लागला असता.

स्थिती मला आजही डोळे मिटून मांडता येते. माझा काळा राजा पहिल्या ओळीत, वजिराच्या घरात उभा. त्याच्याच उभ्या ओळीत, माझ्या बाजूने मोजलं तर चौथ्या घरात पांढरं प्यादं. प्याद्याच्या डाव्या हाताला, त्याच आडव्या ओळीत, पांढरा राजा. पांढरा हत्ती माझ्या दुसऱ्या ओळीत अगदी डाव्या कडेला, म्हणजे माझ्या राजाला पुढे यायला वाव नाही. आणि माझा हत्ती तिसऱ्या ओळीत, उजव्या कडेला.

तो तिथे कसा आला होता, ते मला ठाऊक नव्हतं. पाच-सहा खेळ्यांपूर्वी काहीतरी मारायला गेला आणि तिथेच राहिला. काहीच न करता उभा आहे असं वाटून मला बेचैन झालं. हत्ती म्हणजे शह देणारा मोहरा, असं माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून मी त्याला उचलून सरळ खाली, पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत नेलं, मागून शह द्यायला.

पांढरा राजा लगेच माझ्या तिसऱ्या ओळीत चढला. मी शह दिला. तो एक घर सरकून प्याद्याच्या पुढ्यात, माझ्या राजाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. त्याच्या पाठीशी प्यादं. मागून शह द्यावा तर वाटेत प्यादं आडवं. आणि त्याचा हत्ती कडेने खाली उतरला की मात. घाबरून मी माझा हत्ती परत आणला आणि राजाच्या डाव्या बाजूला, पहिल्या ओळीत चिकटवून ठेवला. वाटलं, आता कड सांभाळली. समोरच्या मुलाने आपला हत्ती दुसऱ्या ओळीतूनच डावीकडून उजव्या टोकाला नेला. आता मात उजवीकडून होती, आणि माझा हत्ती राजाच्या चुकीच्या बाजूला. राजा बाजूला घेतला, शह बसला, राजा वर गेला, आणि त्याने माझा हत्ती उचलून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीत आईने मला दौंडला आजोबांकडे पाठवलं. शिरूरहून एसटी न्हावऱ्यावरून पारगावला भीमेचा पूल ओलांडते, मग चौफुला, पाटस आणि दौंड. अख्ख्या वाटेत मी तो डाव उलटसुलट खेळत होते.

आईचे वडील रेल्वेत सांधेवाले होते. दौंड जंक्शनात त्यांची नोकरी गेली. मनमाडकडून आलेल्या गाडीला पुण्याकडे जायचं तर तेव्हा दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे, आणि ते होईपर्यंत गाडी जितका वेळ उभी, तितका वेळ यार्डात त्यांची धावपळ. बुद्धिबळ ते लहानपणी देशी रीतीने शिकलेले. त्या डावात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं, आणि प्याद्याने केलेल्या मातीला मोठा मान. कदाचित म्हणूनच प्याद्याकडे त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा जास्त असे.

मी पट मांडला आणि हरलेली स्थिती दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हत्ती इथनं उचललास कशाला?”

“तिथे तो काहीच करत नव्हता, आजोबा.”

“काही करत नव्हता? बघ बरं. राजाला डावीकडनं वर चढू दे.”

मी पांढरा राजा उचलला आणि मध्येच थांबले. तिसऱ्या ओळीतलं प्रत्येक घर माझ्या हत्तीच्या माऱ्यात होतं. राजाला तिथे पाऊल ठेवताच येत नव्हतं. तो जिथे चढला म्हणून मी हरले, ती सगळी ओळ हत्तीने एकट्याने, जागेवरून न हलता, बंद करून ठेवली होती.

“ओळीत कुठंही फिरव,” आजोबा म्हणाले. “कडेला ठेव, कडेपासून एक घर आत घे, परत कडेला ने. फक्त प्याद्याच्या तिरक्या माऱ्यात देऊ नकोस. त्याने हत्तीने शह दिला तर तुझा राजा एक पाऊल पुढं येईल, पुन्हा दिला तर मागं जाईल. पण हत्तीने ओळ सोडायची नाही.”

आम्ही खेळायला बसलो. ते पांढऱ्याकडून, मी काळ्याकडून. मी ओळ धरून बसले. दहा खेळ्या झाल्या, पंधरा झाल्या. त्यांनी हत्ती फिरवला, राजा प्याद्याच्या दुसऱ्या बाजूला नेऊन परत आणला. मला गंमत वाटायला लागली. हे इतकं सोपं आहे तर जगात कोणी हरतंच कसं!

मग त्यांनी प्यादं एक घर पुढे ढकललं. माझ्या तिसऱ्याच ओळीत. मी सवयीने हत्ती एक घर सरकवला, त्याच ओळीत.

आजोबांनी राजा वर घेतला. प्याद्याच्या डावीकडे, तिसऱ्या ओळीत. माझा हत्ती उजवीकडून बघत होता, पण आता मध्ये प्यादं भिंतीसारखं उभं. पलीकडच्या राजाला त्याची झळच लागेना. पुढच्या खेळीला पांढरा हत्ती कडेने खाली उतरणार आणि मात.

“दे शह,” आजोबा म्हणाले.

मी हत्ती खाली न्यायला हात पुढे केला आणि मोजलं. पहिल्या खेळीत खाली, दुसऱ्या खेळीत राजाच्या उभ्या ओळीत. दोन खेळ्या हव्या होत्या आणि माझ्याकडे एकच होती. राजाला उजवीकडे पळवलं तर मात टळते, पण मग प्याद्याच्या वाटेत कोणी राहत नाही. तसं खेळून पाहिलं. काही खेळ्यांत प्याद्याचा वजीर झाला.

मला राग आला. “तुम्हीच म्हणालात ओळ सोडायची नाही!”

“कुठवर, ते सांगायचंच राहिलं,” ते म्हणाले. “चूक माझी.”

मग त्यांनी जे दाखवलं, ते मला त्या वयातही एकदम समजलं, आणि आता माझ्या मुलांना शिकवताना मी त्याच रीतीने दाखवते. त्यांनी प्यादं परत चौथ्या ओळीत ठेवलं आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या घरावर बोट टेकवलं. शिरूरच्या डावात पांढरा राजा ह्याच घरात येऊन लपला होता. पाठीशी प्यादं होतं, म्हणून मागून शह लागत नव्हता. पांढऱ्याचा एकमेव आडोसा हे घर. जोवर ते रिकामं आहे, तोवर मागून शह देण्यात अर्थ नाही, कारण राजा कधीही त्यात शिरेल. म्हणून तोवर हत्तीने ओळ धरायची.

मग त्यांनी प्यादं पुढे ढकललं आणि ते त्याच घरात जाऊन बसलं.

“आता राजा कुठं लपणार?”

कुठेच नाही. त्याची लपायची जागा त्याच्याच प्याद्याने घेतली होती. प्याद्याच्या त्या एका पावलाने दोन गोष्टी एकदम होतात. माझ्या हत्तीची वाट अडते, आणि पांढऱ्या राजाचा आडोसा जातो. पहिली डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून माणूस घाबरतो. दुसरी बघावी लागते.

त्याच क्षणी हत्ती तिसऱ्या ओळीतून उचलून थेट पटाच्या पलीकडच्या टोकाला न्यायचा. टोकालाच, अर्ध्यात नाही, कारण जवळून शह दिला तर राजा चालत हत्तीच्या अंगावर येतो. राजा वर चढला की मागून शह. बाजूला सरकला की बाजूच्या ओळीतून शह. प्याद्याला सोडून लांब पळाला तर हत्ती प्याद्यावर.

“सांधा गाडी यायच्या आत बदलला तरी गाडी भलत्या रुळावर, आणि डबे सांध्यावर असताना बदलला तर घसरलीच,” आजोबा म्हणाले. एवढं बोलून ते दूध आणायला गेले.

फ्रान्सच्या फिलिदोरने ही स्थिती 1777 मध्ये तपासून ठेवली होती, आणि जगभर ती त्याच्याच नावाने ओळखली जाते, हे मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडलं. तो पोटापाण्याने संगीतकार होता. आजोबांना ती कोणी दाखवली, ते मी विचारायचं राहून गेलं. पुस्तकात हेही कळलं की शिरूरला राजा वर चढल्यावरसुद्धा माझा डाव पूर्ण मेला नव्हता. वाट होती, पण अरुंद, आणि प्रत्येक खेळी नेमकी लागणारी. हत्ती पहिल्या ओळीत आणून चिकटवण्याची रीत मात्र पटाच्या मधल्या प्याद्यांविरुद्ध टिकत नाही. कडेच्या किंवा घोड्याच्या ओळीतलं प्यादं असेल तर ती चालते, कारण तिथे दुसऱ्या बाजूने फिरून यायला पांढऱ्या हत्तीला जागाच नसते.

पुढच्या वर्षी दौंडला खुली स्पर्धा होती. चौथ्या फेरीत माझ्यासमोर माझ्याहून मोठा, कॉलेजात शिकणारा मुलगा होता. 48व्या खेळीला पटावर तेच उरलं: त्याचं राजाच्या ओळीतलं प्यादं, दोघांचे हत्ती, आणि माझा राजा प्याद्याच्या वाटेत. मी हत्ती तिसऱ्या ओळीत नेला आणि पाण्याचा घोट घेतला.

तो प्यादं हलवेना. त्यालाही माहीत असावं. हत्तीने शह देई, मी राजा पुढे घेई, पुन्हा देई, मी मागे जाई. मी खेळीच्या कागदावर मोजत होते, कारण प्यादं न हलता आणि काही न मरता दोघांच्या 50-50 खेळ्या झाल्या की बरोबरी मागता येते. पण मोजणं सोपं आणि बघणं अवघड. विसाव्या खेळीच्या सुमारास माझा हात आपोआप हत्तीकडे जातोय, हे माझ्या लक्षात आलं. आजोबांसमोर हरले होते ती नेमकी हीच सवय. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. त्याची खेळी झाली की आधी प्याद्याकडे बघायचं, मग हात बाहेर काढायचा, असं ठरवलं.

71व्या खेळीला त्याने प्यादं पुढे टाकलं.

मी हत्ती पलीकडच्या टोकाला नेला. राजा चढला, शह दिला. सरकला, शह दिला. आणखी चार शह झाल्यावर त्याने घड्याळ थांबवून हात पुढे केला.

संध्याकाळी रेल्वे क्वार्टरवर पोहोचले तेव्हा आजोबा ओट्यावर बसले होते. निकाल त्यांनी विचारला नाही. खेळीचा कागद मागून घेतला, चष्मा चढवला आणि बोटाने ओळी मोजत खाली आले.

“23 खेळ्या थांबलीस,” ते म्हणाले, आणि आत हाक मारून पट मागवला. “आता तू पांढऱ्याकडनं बस. बघू, मला ओळ सोडायला लावतेस का.”

आणि त्यांनी आपला काळा हत्ती तिसऱ्या ओळीत, कडेला ठेवला.