माथा आडवा की टोकदार?

सकाळी बंगळूरला मल्लेश्वरमच्या गॅलरीत कॉफी घेत होतो, तेवढ्यात ठाण्याच्या मावशीने एक जुना कृष्णधवल फोटो पाठवला. माझे आजोबा एका रस्त्यावर उभे आहेत. मागे देवळाचा उंच भाग, त्याच्या पलीकडे चर्चचा एकच सुळका आणि डाव्या कडेला मशिदीचा मिनार. फोटोच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नाही. मावशीचा प्रश्न एवढाच: "हे कुठलं रे?"

तिने स्वतः पुणे ओळखलं होतं, आणि तिची चूक समजण्यासारखी आहे. पेशवाईतल्या देवळांची शिखरं, उदाहरणार्थ ओंकारेश्वराचं, चुन्याच्या मूर्तींनी भरलेली, मजल्यामजल्यांनी निमुळती होत जातात. धूसर फोटोत दक्षिणेचं गोपुरही तसंच दिसतं. मजले, मूर्ती, रंग यांच्या नादी लागलं की माणूस फसतो. पाहायचा तो माथा. आपलं शिखर शेवटी एका बिंदूला मिळतं आणि त्यावर एकच कळस असतो. गोपुराचा माथा आडवा असतो, लांबट पिंपासारखा, आणि त्यावर कळस ओळीने उभे, बहुतेक विषम संख्येत. तपशील पुसले गेले तरी आकाशासमोरची ही रेघ टिकते.

दुसरी खूण उंचीची. आपल्याकडे सगळ्यात उंच भाग गाभाऱ्यावर असतो, तर तमिळ धाटणीच्या मोठ्या देवळात तो दरवाजावर असतो आणि गाभाऱ्यावरचं विमान बऱ्याचदा त्यापुढे ठेंगणं. म्हणून त्या उंच भागाखाली माणसं आत-बाहेर करताना दिसतात का, हे बघायचं. मावशीच्या फोटोत माथा आडवा होता आणि खाली कमान होती. महाराष्ट्र बाजूला पडला. केरळही पडला, कारण तिथल्या जुन्या देवळांना उतरती छपरं असतात, असं गोपुर सहसा नसतं. मात्र ही खूण जुन्या फोटोतच भरवशाची. आजच्या रंगीत फोटोत गोपुर दिसलं तर पुण्याजवळच्या केतकावळ्याचा बालाजीही आठवावा. तिथे तिरुपतीचीच प्रतिकृती आहे.

मग सुळका. गोव्याच्या जुन्या चर्चना सुईसारखा सुळका सहसा नसतो. पांढरी दर्शनी भिंत आणि कडेला चौकोनी मनोरे असतात. (से कॅथेड्रलला आज एकच मनोरा दिसतो, कारण दुसरा 1776 मध्ये कोसळला. तेव्हा नुसते मनोरे मोजूनही भागत नाही.) टोकदार कमानी आणि वर निमुळता सुळका ही एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक पुनरुज्जीवनाची धाटणी. ती छावणीच्या नि मिशनऱ्यांच्या गावांत जास्त. गोपुर आणि असा सुळका एकाच चौकटीत आले की चेन्नई, तिरुचिरापल्ली, बंगळूर, म्हैसूर अशी मोजकी गावं उरतात. म्हैसूरच्या सेंट फिलोमिनाला दोन सुळके आहेत, म्हणून ते गेलं.

मिनाराकडून मला सगळ्यात कमी मिळालं. जुन्या मिनारांना गाव असतं. श्रीरंगपट्टणच्या टिपूच्या मशिदीचे दोन जाडजूड अष्टकोनी मिनार किंवा विजापूरचे सडपातळ मिनार नि पाकळ्यांतून वर आलेले घुमट एकदा पाहिले की विसरत नाहीत. पण विसाव्या शतकात सिमेंट आलं आणि मिनार गावोगाव एकसारखे झाले. अशा मिनारावरून फार तर फोटोचा काळ सांगता येतो. फोटोतला मिनार साधा गुळगुळीत होता. मी तो सोडून दिला.

तिरुचिरापल्लीचं लूर्द चर्च आणि बंगळूरच्या शिवाजीनगरातली सेंट मेरी बॅसिलिका, दोन्हींना एकच सुळका. इथे अडलो. धूसर फोटोत या दोन्हींमध्ये, किंवा चेन्नईतल्या एखाद्या चर्चपासून, भेद करण्याएवढी माझी नजर तयार नाही. शेवटी देवळं-चर्चं सोडून उजव्या कोपऱ्यातल्या बंगल्याकडे पाहिलं. खिडकीवर लाकडी पट्ट्यांची, पुढे टोक काढलेली छत्री. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांची ही ओळख. इथले लोक तिला मंकी टॉप म्हणतात. आमच्याच गल्लीत असं एक घर परवापरवापर्यंत होतं.

मावशीला लिहिलं: बंगळूर, छावणीचा भाग, बहुधा शिवाजीनगर. सुळका सेंट मेरीचा असेल तर फोटो 1882 नंतरचा, पण आजोबांच्या बाबतीत त्याने काही ठरत नाही. तिचं उत्तर आलं, "शिवाजीनगर म्हणजे पुणंच ना?"