अक्षरे सहा, मात्रा आठ

छत्रपती संभाजीनगरहून पैठण जेमतेम पन्नास किलोमीटर. एकनाथांचे अभंग या भागातल्या भजनी मंडळांना तोंडपाठ असतात, तरी नवी चाल बसवताना आता बहुधा स्वरलिपीचा कागद समोर येतो. तो हाती आला की नजर आधी सारेगमकडे धावते. माझ्या मते ती आधी तालाच्या खुणांकडे जायला हवी.

प्रथम लिपी कोणाची ते पाहावे. भातखंडे पद्धतीत समेला × आणि खालीला ० असते. पलुसकर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. घाईत फुली आणि अधिक एकच वाटतात आणि सम खालीवर जाऊन बसते. टिंबाचेही तसेच. भातखंड्यांकडे वरचे टिंब तार सप्तक दाखवते, पलुसकरांकडे मंद्र.

आता भातखंडे पद्धतीची एक ओळ घेऊ. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. केरव्याच्या मात्रा मात्र आठ. ‘गोदेचिये काठी’ हे उदाहरणासाठी जुळवलेले सहा अक्षरी शब्द कागदावर असे बसतील:

मात्रा: ५ ६ ७ ८ | १ २ ३ ४
खूण: ० | ×
स्वर: सा – रे ग | म – प म
शब्द: गो ऽ दे चि | ये ऽ का ठी

स्वरांतली आडवी रेघ आणि शब्दांतला अवग्रह या दोन्हींचा अर्थ एकच: आधीचे लांबवा. ‘ग’खाली रेघ असेल तर तो कोमल. ‘सा’ कुठला हे कागद सांगत नाही. काळी एक की काळी चार, ते गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरते.

इथे ओळ खालीपासून उठते आणि सम ‘ये’वर येते. ‘गो’वर सम धरली तर स्वर बरोबर असूनही तबल्याची मुख्य थाप चुकीच्या अक्षरावर पडते. चूक ओळखण्याची खूण हीच.

पुनरावृत्तीचा प्रश्नही इथेच सुटतो. कडव्याखाली ‘ध्रु.’ लिहिले म्हणजे ध्रुवपदाकडे परत जायचे, पण ते पाचव्या मात्रेला उचलायचे. म्हणून कडव्याचा शेवट चौथ्या मात्रेवर यायला हवा. शेवटच्या चरणात चारच अक्षरे असली की ‘ना ऽ म ऽ | घे ऽ ई ऽ’ असे प्रत्येक अक्षरामागे एक अवग्रह देऊन आठ मात्रा भरतात. उरलेली कडवी ‘याच चालीत’ म्हणून कागद मोकळा होतो. त्यांतले अवग्रह आपणच बसवायचे असतात.

म्हणून नवा कागद आला की पेटी उघडण्याआधी हातावर ताल धरा आणि नुसते शब्द म्हणा. प्रत्येक कडव्याखाली स्वतःच्या पेन्सिलीने अवग्रह लिहा. सूर त्यानंतर लावा.