जे बदलायचे नाही त्याची यादी

पोस्टरचा पहिला मसुदा हातात आला की बहुतेक मंडळी चुका शोधायला बसतात. सापडलेल्या चुका फोनवर सांगितल्या जातात, काही व्हॉइस मेसेजने जातात, एखादी ‘जरा उठाव येऊ द्या’ अशी सूचना तिसऱ्याच कोणाकडून पोहोचते. दुसरा मसुदा येतो तेव्हा सांगितलेल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात, पण आवडलेला रंगही बदललेला असतो, चित्र बाजूला सरकलेले असते आणि आधी बरोबर असलेला पत्ता चुकलेला असतो. यात डिझायनरचा दोष असतोच असे नाही. काय बदलायचे ते त्याला सांगितलेले असते. काय तसेच ठेवायचे ते कोणी सांगितलेलेच नसते. माझे म्हणणे असे, की डिझायनरला द्यायच्या चिठ्ठीचा दुसरा भाग, म्हणजे न बदलायच्या गोष्टींची यादी, हा तिचा अधिक महत्त्वाचा आणि लिहायला अधिक अवघड भाग आहे.

जुन्या मुद्रितशोधकांना याची जाणीव होती. प्रुफावर एखादा शब्द खोडला आणि नंतर तोच बरोबर वाटला, तर त्या शब्दाखाली टिंबांची ओळ द्यायची आणि समासात खूण करायची, म्हणजे जुळारी तो शब्द होता तसा ठेवत असे. मजकुरासाठी अशी खूण होती, कारण प्रुफावर प्रत्येक अक्षर डोळ्यांसमोर असे. पोस्टरमध्ये मात्र मोकळी जागा, रंगाची छटा, फोटोतल्या माणसाची दिशा अशा गोष्टी असतात. त्यांच्याखाली टिंबे देता येत नाहीत. त्या शब्दांतच सांगाव्या लागतात, आणि त्या बिघडण्याच्या आधी सांगाव्या लागतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावी एका वाचनालयाची व्याख्यानमाला आहे आणि तिचे ए-3 आकाराचे पोस्टर एसटी स्टँड, शाळा, दवाखाने अशा ठिकाणी लागायचे आहे. मसुद्यात डोंगराचे सुंदर चित्र आहे, वर मोकळे आकाश आहे, विषयाचे ठसठशीत शीर्षक आहे. वार आणि तारीख जुळत नाही. वक्त्यांचे नाव फिक्या पिवळ्या रंगात डोंगराच्या हिरव्या उतारावर बसवले आहे. कार्यकारिणीच्या बैठकीतून चार-पाच जणांचे अभिप्राय येतात. ते सगळे गोळा करून एका माणसाने एकच चिठ्ठी लिहावी. ती साधारण अशी असेल:

नमस्कार. 5 जानेवारीच्या पीडीएफवरचे सर्व बदल खाली एकत्र दिले आहेत. यापुढे बदल फक्त माझ्याकडून येतील.

बदलायचे:
1. तारखेची पूर्ण ओळ अशी हवी: शनिवार, 17 जानेवारी 2026, सायंकाळी 6 वाजता
2. विषयाची ओळ अशी हवी: दऱ्याखोऱ्यांतले पाणी. सोबतच्या चित्रात दिसते तशीच ती उमटावी.
3. वक्त्यांचे नाव दहा फुटांवरून वाचता येत नाही. ते वाचता यावे. कसे, ते तुम्ही ठरवा.
4. स्थळाच्या ओळीखाली नवी ओळ: प्रवेश विनामूल्य

तसेच ठेवायचे:
5. डोंगराचे चित्र आणि त्यावरचे मोकळे आकाश
6. शीर्षकाचा फॉन्ट, आकार, रंग व अक्षरांमधले अंतर
7. क्यूआर कोडचा आकार, रंग आणि भोवतीची पांढरी कड
8. वक्त्यांच्या फोटोची दिशा

जागा कमी पडली तर तळाचा पट्टा आणि त्यातली कार्यकारिणीची नावे लहान करावीत. दुसरे काही लहान करू नये.

चिठ्ठी एवढीच. पण तिच्यातल्या प्रत्येक ओळीमागे काही विचार आहे.

पहिल्या मुद्द्याचे पाहा. मसुद्यात ‘रविवार, 17 जानेवारी’ असे होते. ‘तारीख तपासा’ एवढेच लिहिले असते तर वार चुकला आहे की तारीख, हे डिझायनरने कसे ओळखायचे? त्याने कॅलेंडर पाहून 18 केले असते आणि चूक अधिकच पक्की झाली असती, कारण आता वार-तारीख जुळते म्हणून कोणाच्याही डोळ्यांना ती खटकली नसती. म्हणून मजकुरातली दुरुस्ती सांगताना चुकलेला शब्द न देता छापायची पूर्ण ओळ द्यावी. जुनी ओळ काढून नवी बसवायची, मधे तर्काला जागा नाही.

दुसऱ्या मुद्द्यात चित्र सोबत जोडण्याचे कारण आपल्या लिपीत आहे. मराठी डीटीपीत अजून कितीतरी ठिकाणी युनिकोडच्या आधीचे फॉन्ट वापरतात. मोबाइलवरून पाठवलेला मजकूर तिथे तसाच चिकटवता येत नाही. तो पुन्हा टाइप करावा लागतो आणि प्रत्येक टाइपिंगबरोबर नवी चूक शिरू शकते. युनिकोड वापरले तरी, डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी करणारी सोय चालू नसेल, तर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. ‘ऱ्या’ तर नेहमीच धोक्यात असतो. ‘दऱ्याखोऱ्यांतले’ याचे ‘दर्याखोर्यांतले’ झाले, की डोंगराच्या पोस्टरवर समुद्र अवतरतो. डिझायनरची भाषा मराठी नसेल तर त्याला हे दिसणारही नाही. मात्र चित्र समोर असले की आकार ताडून पाहता येतो.

तिसरा मुद्दा मुद्दाम वेगळ्या पद्धतीने लिहिला आहे. पहिल्या दोन्हींत उत्तर दिले, इथे फक्त अडचण दिली. बैठकीत सगळे म्हणाले असते, ‘नाव मोठे करा.’ साइनबोर्ड रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब असा, की दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर साधारण एक इंच उंच हवे. पण समजा, नाव तेवढे उंच आहेच. अडचण आकाराची नसून रंगाची आहे: हिरव्यावर फिका पिवळा उठून दिसत नाही. ते आणखी मोठे केले तर दोन ओळींत मोडेल. देवनागरीत दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्यांना भिडतात, म्हणून ओळींतले अंतर वाढवावे लागेल, आणि ती जागा चित्रातून नाहीतर आकाशातून जाईल. एका चुकीच्या उपायाने पाचवा मुद्दा मोडला. त्याऐवजी ‘वाचता येत नाही’ एवढेच कळले, तर जाणता डिझायनर नाव जागेवर ठेवून नुसता रंग गडद-उजळ करून मोकळा होईल. मजकूर हा आपला अधिकार आहे, तिथे नेमके उत्तर द्यावे. दिसणे हे त्याचे कौशल्य आहे, तिथे नेमका प्रश्न द्यावा. बहुतेक चिठ्ठ्या नेमके उलटे करतात: मजकुराबद्दल मोघम बोलतात आणि फॉन्टचा आकार हुकूम म्हणून सांगतात.

आता तसेच ठेवायच्या गोष्टी. मोकळे आकाश लिहून का राखावे लागते? कारण रिकामी जागा कोणाच्याच मालकीची वाटत नाही. ‘प्रवेश विनामूल्य’ ही नवी ओळ आली की ती तिथे बसवण्याचा मोह होतो, मग प्रायोजकाचे बोधचिन्हही तिथे जाते. पण रस्त्याने जाणाऱ्याची नजर शीर्षकावर आणून सोडण्याचे काम तीच जागा करते. शीर्षक तसेच ठेवायला सांगण्यामागेही अनुभवाची बाब आहे. इंग्रजी पोस्टरांच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवले, की रोमन अक्षरे ऐसपैस दिसतात. देवनागरीची मात्र शिरोरेषा तुटते. क्यूआर कोडभोवतीची पांढरी कड ही सजावट नव्हे. तिची रुंदी कोडमधल्या बारीक चौकोनांच्या किमान चौपट असावी लागते; ती खाल्ली गेली किंवा कोड रंगसंगतीसाठी फिका केला, तर काही मोबाइल तो वाचतच नाहीत. फोटो तर पुष्कळदा चेहरा आतल्या बाजूला वळावा म्हणून आरशासारखा उलटवला जातो. मग शर्टाचा खिसा उजवीकडे जातो, भांग दुसऱ्या बाजूला पडतो आणि ओळखीच्या माणसांना तो चेहरा परका वाटतो.

ही यादी लिहिताना लिहिणाऱ्याला स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो: या पोस्टरमध्ये नेमके काय काम करते आहे? दोष सांगायला फक्त नजर लागते. काय राखायचे हे सांगायला पोस्टर कशासाठी आहे ते ठरवलेले असावे लागते. म्हणूनच ‘तसेच ठेवायचे’ या मथळ्याखाली पुष्कळांना काही सुचत नाही. ‘बाकी सगळे तसेच’ असे लिहिण्यानेही भागत नाही. पोस्टरमधल्या गोष्टी एकमेकींना टेकून असतात. एक नवी ओळ आली तर कुठेतरी काहीतरी सरकणारच. बाकी सगळे तसेच ठेवणे अशक्य असेल, तर त्यातले काय सोडायचे हे डिझायनर स्वतःच ठरवतो, आणि ते ठरवायला त्याच्याकडे आधार नसतो. चिठ्ठीच्या शेवटची ओळ हा आधार देते. कार्यकारिणीची नावे लहान चालतील, वक्त्यांचे नाव नाही. हा निर्णय कलेचा नाही, संस्थेचा आहे; काही सभासदांना तो रुचणारही नाही. म्हणूनच तो डिझायनरवर ढकलू नये.

दुसरा मसुदा आला की दुरुस्त्या तपासणे सोपे असते. न सांगितलेले बदल शोधणे कठीण, कारण डोळा ओळखीच्या गोष्टींवरून घसरतो. त्यासाठी जुना आणि नवा मसुदा एकाच पीडीएफची दोन पाने करून सारख्या आकारात मागेपुढे फिरवावा. जे हलले नाही ते स्थिर राहते, जे हलले ते उडी मारल्यासारखे दिसते. उडी मारणारी प्रत्येक गोष्ट चिठ्ठीत आहे का ते पाहावे. नसेल तर डिझायनरला कारण विचारावे. कधी त्याने काही सुधारलेले असते आणि ते मान्य करण्याजोगे असते.

या पद्धतीला मर्यादा आहे. मसुद्याची कल्पनाच चुकली असेल, पाण्यावरच्या व्याख्यानाला लग्नपत्रिकेचा थाट आला असेल, तर दहा मुद्द्यांची चिठ्ठी ते पोस्टर वाचवू शकत नाही. तेव्हा समोरासमोर बसून पहिल्यापासून बोलावे आणि नव्या मसुद्याचे पैसे द्यावेत. राखण्यासारखे काहीच सापडत नसेल, तर हे पोस्टर दुरुस्तीचे नाही याची खूण तीच.

एरवी मात्र क्रम उलटा करून पाहावा. मसुदा आला की चुका शोधण्याआधी कागद घ्यावा आणि ‘तसेच ठेवायचे’ हा मथळा आधी लिहावा. त्याखाली चार ओळी भरल्याशिवाय डिझायनरला फोन करू नये.