जाहिरात वाचलीस की नुसती बघितलीस?

बस. मोबाईल उलटा ठेव आणि तो कागद पुढे घे. चाकणच्या त्या कारखान्याची जाहिरात तुला मीच पाठवली होती, चार दिवसांपूर्वी. काल विचारलं तर म्हणालास, "सर, आपलं काम नाही ते. सीएमएम मागितलंय, सिक्स सिग्मा मागितलंय." आणि फाईल बंद केलीस. चार वर्षं तुला ड्रॉइंग वाचायला शिकवलं मी. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप सारखं महत्त्वाचं नसतं, हे तुला पाठ आहे. ज्या मापाला टॉलरन्स घट्ट, तिथे डोळा लावायचा; कोपऱ्यातल्या चॅम्फरसाठी कोणी अख्खा लॉट नाकारत नाही. मग जाहिरात समोर आली की ही अक्कल कुठे गहाण टाकतोस?

आता मोठ्याने वाच. पद : क्वालिटी इन्स्पेक्टर. शिक्षण : मेकॅनिकल डिप्लोमा. अनुभव : किमान दोन वर्षं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज वापरता येणं आवश्यक. ड्रॉइंग वाचता येणं आवश्यक. सीएमएमचं ज्ञान असल्यास प्राधान्य. आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य. सिक्स सिग्मा ग्रीन बेल्ट असल्यास उत्तम. इंग्रजीवर प्रभुत्व. इथेच थांबलास ना तू? खाली अजून सहा ओळी आहेत. 'कामाचं स्वरूप' असं ठळक छापलंय.

मास्तर होण्याआधी नऊ वर्षं मी शॉपवर होतो, आणि अशा जाहिराती मी लिहिल्या आहेत. कशा लिहितात ते ऐक. माणूस सोडून गेला की एचआरचा पोरगा जुन्या फाईलमधून मागची जाहिरात काढतो. क्वालिटीचा मॅनेजर तिच्यात दोन ओळी घालतो, कारण नुकतंच गिऱ्हाईकाचं ऑडिट झालेलं असतं आणि त्यात प्रमाणपत्रांवरून त्याला बोलणी बसलेली असतात. प्लँट हेडला वाटतं, पगार देतोच आहोत तर ग्रीन बेल्टही मागून बघू. 'इंग्रजीवर प्रभुत्व' ही ओळ तर कोणीच घालत नाही, ती जुन्या फाईलमधून आपोआप येते. तीन माणसांच्या इच्छा एका यादीत कोंबलेल्या असतात आणि तू त्या यादीला कायद्याचं पुस्तक समजतोस. 'कामाचं स्वरूप' मात्र जो रोज शॉपवर उभा असतो त्याला विचारून लिहिलेलं असतं. म्हणून आधी खालचं वाचायचं, मग वर जायचं. खालच्या कामात जे लागतं ते खरं. जे फक्त वरच्या यादीत दिसतं आणि कामात कुठेच येत नाही, ते बहुतेक वेळा हौसेचं.

वाच खालचं. पहिला नग तपासून मंजुरी देणं. दर तासाला लाईनवरचे पाच नग तपासून नोंद करणं. नापास माल लाल खोक्यात वेगळा काढणं. गेजच्या कॅलिब्रेशनची तारीख पाहणं. गिऱ्हाईकाच्या तक्रारीवर सुपरवायझरला माहिती देणं. यात सीएमएम कुठे आहे, दाखव मला. नाहीच. त्या मशीनला वातानुकूलित खोली असते आणि बहुधा स्वतंत्र ऑपरेटर असतो. लाईनवरचा इन्स्पेक्टर नग तिथे नेऊन देतो आणि रिपोर्ट घेऊन येतो. रिपोर्ट वाचता आला म्हणजे झालं, आणि तो तू सहाव्या सेमिस्टरला वाचलायस. ऑडिटरचं प्रमाणपत्र? या कामात ऑडिट करणं नाहीच. नोकरी लागल्यावर दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊन कंपनीच ते काढून देते. पगाराची ओळही बघ : वीस ते चोवीस हजार. ग्रीन बेल्टवाला, सीएमएम चालवणारा माणूस या पैशांत येणार नाही, हे मागणाऱ्यालाही ठाऊक आहे.

'किमान दोन वर्षं' पाहून घाबरलास? तुझं बारा महिन्यांचं अ‍ॅप्रेंटिस आणि नंतर लाईनवरचे सात महिने, एकूण एकोणीस. खासगी कारखान्यात ही ओळ म्हणजे 'मायक्रोमीटर कसा धरायचा इथपासून शिकवायला लावू नका' एवढाच अर्थ. एकोणीस महिने सरळ लिही. चोवीस लिहू नकोस. शिकाऊ उमेदवारीच्या प्रमाणपत्रावर तारखा असतात आणि त्या त्यांना वाचता येतात. पाच वर्षं मागितली असती तर मीच तुला म्हटलं असतं, राहू दे.

आणि आता सहावी ओळ, जिच्यापर्यंत तू पोचलाच नाहीस. 'तिन्ही पाळ्यांमध्ये आळीपाळीने काम.' इथे 'प्राधान्य' नाही, 'असल्यास उत्तम' नाही. लाईन रात्रीही चालते, म्हणून इन्स्पेक्टर रात्रीही लागतो. ही ओळ वरच्या यादीत छापलेलीसुद्धा नाही आणि अख्ख्या जाहिरातीतली सगळ्यात खरी अट तीच आहे. संध्याकाळच्या डिग्रीला नाव कोणी घातलंय? तूच ना? दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू झाली की त्या आठवड्याचे सगळे वर्ग बुडाले. तुझी अडचण सीएमएम नव्हतीच, गाढवा, ही होती. ज्याला घाबरायला नको त्याला घाबरलास, आणि ज्याचा विचार करायचा ती ओळ तुला दिसलीच नाही.

बरं, भित्रा म्हणावं तर तेही नाहीस. मागच्या वर्षी सरकारी जाहिरातीला मोठ्या हिमतीने अर्ज ठोकलास. तिथे 'अनुभव : अर्हता प्राप्त केल्यानंतरचा तीन वर्षांचा' असं स्वच्छ लिहिलं होतं. तू काय केलंस? डिप्लोमा व्हायच्या आधी मामाच्या वर्कशॉपमध्ये काढलेले दिवस धरून तीन वर्षं जुळवलीस. परीक्षा दिलीस, पास झालास, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत बाहेर पडलास. हजार रुपये फी गेली, आठ महिने गेले. सरकारी जाहिरातीत 'आवश्यक अर्हता' म्हणजे आवश्यकच, तारखेसकट. तिथे समोरच्या कारकुनाला तू कितीही आवडलास तरी त्याच्या हातात काही नसतं. तिथे सवलत शोधायची नाही. वायरमनचा परवाना, फार्मासिस्टची नोंदणी असल्या कायद्याने लागणाऱ्या गोष्टींचंही तसंच, मग मालक खासगी असला तरी. तू नेमका उलटा वागतोस. जिथे ओळ लवचिक आहे तिथे पळ काढतोस, जिथे ती पोलादी आहे तिथे डोकं आपटतोस.

मान डोलावू नकोस, पेन घे. 'आवश्यक' लिहिलेल्या ओळींपुढे तुझ्याकडे काय आहे ते लिही : कोणती गेज, किती लीस्ट काउंटची, कोणत्या पार्टवर वापरलीस. सीएमएमपुढे 'रिपोर्ट वाचता येतो' एवढंच. मग खालच्या नंबरावर फोन लाव आणि एकच प्रश्न विचार : पाळी दर आठवड्याला बदलते, की काही महिने एकच राहते? उत्तर ऐकून ठरव. नाही म्हणायचं असेल तर पाळीसाठी म्हण, सिक्स सिग्माचं नाव पुढे करू नकोस.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपतेय. आज बुधवार आहे.